ढीग तापला, ढीग निवला: कंपोस्टच्या थर्मामीटरवर काय वाचायचं

सातव्या दिवशी सकाळी ढिगाच्या पोटात खुपसलेला थर्मामीटर ६१ अंश दाखवत होता. दोन दिवसांपूर्वी त्याच जागी ६७ होते. ढीग निवायला लागला म्हणून मला बरं वाटलं, पण दांडा बाहेर काढल्यावर त्याच्या टोकाला एकही ओला कण चिकटलेला नव्हता. तेव्हा लक्षात आलं की काम संपत आल्यामुळे ढीग निवत नव्हता. आत काम करणाऱ्यांना पाणी उरलं नव्हतं, शिवाय उकाड्याने त्यांच्यातले बरेचसे मेले होते.

कंपोस्टचं तापमान उतरतं त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ असतात. एक म्हणजे खाणं संपलं, आता पुढच्या मंडळींची वेळ झाली. दुसरा म्हणजे खाणं भरपूर आहे, पण खाणारे अडकून पडले आहेत. थर्मामीटरवर दोन्ही सारखेच दिसतात. फरक ओळखायचा तर ढिगात कोण केव्हा काम करतं आणि ते का निघून जातं, हे माहीत असावं लागतं. हे नीट कळेपर्यंत मी बरीच वर्षं अर्धवट खत कुंड्यांत घातलं आहे आणि रोपं पिवळी पडलेली पाहिली आहेत.

ज्या ढिगाबद्दल सांगतो आहे तो साधारण सव्वा मीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच होता. दोन भाग कोरडा पालापाचोळा, एक भाग ताजं कापलेलं गवत आणि भाज्यांची सालं-देठं, आणि मधून मधून बोटाएवढ्या काटक्यांचे तुकडे, म्हणजे हवा खेळती राहील. सगळं एकाच दिवशी रचलं. हे महत्त्वाचं आहे, कारण रोज ओंजळभर टाकत राहिलेल्या ढिगात पुढे सांगितलेले टप्पे असे वेगळे दिसतच नाहीत. ओलावा मुठीवर पाहिला. मिश्रण मुठीत घट्ट दाबलं की बोटांच्या फटीतून एखाद-दोन थेंबच यावेत, धार लागू नये. वजनात मोजलं तर निम्म्याहून थोडं जास्त पाणी.

रचला तेव्हा ढीग २७ अंशांवर होता, म्हणजे बाहेरच्या हवेइतकाच. बारा तासांनी पोटात ३४. चोवीस तासांनी ४३. तिसऱ्या दिवशी ५८, चौथ्या दिवशी ६४, पाचव्या दिवशी ६७. यासाठी बाहेरून कुठलीही उष्णता दिलेली नव्हती, ऊनही नव्हतं.

पहिली फळी

पाल्यावर, गवतावर, सालांवर, मातीच्या कणांवर जिवाणू आणि बुरशी आधीपासून असतातच. त्यातले बहुतेक आपल्याला सोसवेल अशा तापमानात सुखाने राहणारे, ढोबळमानाने १० ते ४० अंशांच्या दरम्यान. शास्त्राच्या भाषेत यांना मेसोफिलिक म्हणतात. ढीग रचला की पहिल्यांदा हेच कामाला लागतात आणि सगळ्यात सोपं खाणं उचलतात: पेशींतल्या साखरा, स्टार्च, साधी प्रथिनं. गवत कापलं की त्याचा रस बाहेर येतो, तो यांच्यासाठी वाढून ठेवलेलं पानच.

आता उष्णता कुठून येते ते पाहू. जिवाणू जे खातो त्यातल्या कार्बनचा साधारण तिसरा हिस्सा स्वतःचं शरीर बांधायला वापरतो. उरलेला दोन तृतीयांश हिस्सा तो ऑक्सिजनच्या मदतीने ‘जाळतो’ आणि कार्बन डायऑक्साइड म्हणून सोडून देतो. आपलं शरीर जसं गरम राहतं तशीच ही क्रिया आहे. एकट्या जिवाणूची ऊब लगेच विरून जाते. पण ढिगात असे अब्जावधी जिवाणू असतात आणि भोवती पाल्याची जाड गोधडी असते. तयार होणारी उष्णता बाहेर पडणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त झाली की तापमान चढायला लागतं. तापमान चढलं की त्यांची वाढ आणखी वेगाने होते, म्हणून चढही वाढत जातो. पहिल्या बारा तासांत ७ अंश आणि पुढच्या बारा तासांत ९, हे त्यामुळेच.

याच दिवसात ढिगाला हलकासा आंबूस वास येतो. साखरा पटापट फोडताना हे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडतात आणि मिश्रणाचा सामू, म्हणजे पीएच, ५ ते ५.५ च्या आसपास उतरतो. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. पुढे हीच आम्लं खाल्ली जातात, प्रथिनांतून अमोनिया सुटतो आणि सामू चढून ८ च्या वर जातो. त्या वेळी नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर समजायचं की हिरवा माल, म्हणजे ताजं गवत आणि सालं-देठं, थोडा जास्त झाला. कार्बन आणि नायट्रोजन यांचं प्रमाण २५ ते ३० ला १ असावं असं म्हणतात, ते या कार्बन-खर्चामुळेच. तीसपैकी वीस भाग हवेत जातात, दहा उरतात, आणि जिवाणूच्या शरीरात साधारण याच प्रमाणात कार्बन आणि नायट्रोजन असतात. नायट्रोजन त्याहून जास्त असला तर तो शरीरात मावत नाही, अमोनिया होऊन उडून जातो.

४० अंशांच्या पुढे गेलं की पहिल्या फळीची अडचण सुरू होते. अंड्याचा पांढरा भाग तापवला की तो घट्ट होतो आणि पुन्हा कधी पातळ होत नाही. प्रथिनांची घडी उष्णतेने मोडते, म्हणून असं होतं. मेसोफिलिक जिवाणूंची कितीतरी प्रथिनं तर अंड्याच्याही आधी हार मानतात. त्यांच्या पेशीचं आवरणही या तापमानाला फार पातळ, गळकं होतं. म्हणजे त्यांनी स्वतःच निर्माण केलेल्या उष्णतेने त्यांचाच मुक्काम संपतो. काही मरतात, काही बीजाणू करून निपचित पडतात, आणि काही ढिगाच्या बाहेरच्या गार थरात तग धरून राहतात. या शेवटच्यांना विसरू नका, त्यांच्याकडे पुन्हा यायचं आहे.

चाळिशीचा उंबरठा

४० ते ४५ अंशांच्या दरम्यान ढीग कधी कधी काही तास रेंगाळतो. जुने दमलेले असतात आणि नवे अजून जागे होत असतात. नवे म्हणजे थर्मोफिलिक, उष्णतेत रमणारे. हे कुठून येतात, असा प्रश्न बागकाम करणारे नेहमी विचारतात, आणि मग पुडीतलं कल्चर विकत घेतात. माझ्या मते सर्वसाधारण मिश्रणाला त्याची गरज नसते. उष्णताप्रिय जिवाणूंचे बीजाणू माती, पाला, धूळ यांत सगळीकडे विखुरलेले असतात. थंडीत ते काहीच करत नाहीत, वर्षानुवर्षं नुसते थांबून राहतात. ढीग पंचेचाळिशी गाठतो तेव्हा त्यांचा मोसम येतो.

ढीग खऱ्या अर्थाने अडकतो तो इथेच, आणि त्याचं कारण सहसा आम्ल असतं. ओली, गोड सालं फार झाली, काटक्या-पाला कमी पडला, तर आत हवा पोचत नाही. हवेविना जिवाणू आणखी आम्लं करत राहतात. मग परिस्थिती अशी होते की पहिल्या फळीला उष्णता सोसत नाही आणि दुसऱ्या फळीला आम्ल सोसत नाही. थर्मामीटर दोन-दोन, तीन-तीन दिवस चाळीसच्या आसपास बसून राहतो आणि ढिगाला आंबलेला, कुबट वास येतो. अशा वेळी पाणी घालू नये आणि आणखी हिरवा मालही घालू नये. ढीग उघडायचा, काटक्या आणि कोरडा पाला चांगला मिसळायचा, जमलं तर आधीच्या तयार खताचे दोन-चार फावडे घालायचे. त्या खताने सामू थोडा सावरतो. हवा पोचली की आम्ल खाणारे जिवाणू जागे होतात, आणि बहुतेक वेळा एका दिवसात तापमान पन्नाशी ओलांडतं.

तापलेल्या ढिगात

पन्नास ते साठच्या दरम्यान ढीग सगळ्यात जोमाने कुजतो. इथे मुख्यतः बॅसिलस आणि त्याच्या गोतावळ्यातले जिवाणू काम करतात. त्यांच्याबरोबर धाग्यांसारखे वाढणारे ॲक्टिनोबॅक्टेरिया असतात, आणि साठच्या खाली उष्णता सोसणाऱ्या काही बुरशीही. यांची खासियत अशी की पहिल्या फळीने न शिवलेल्या गोष्टी हे हाती घेतात: सेल्युलोज, म्हणजे पानांच्या आणि देठांच्या भिंती, हेमिसेल्युलोज, मेणं आणि तेलं. ढिगाची उंची या काळात झपाट्याने खाली बसते. माझा सव्वा मीटरचा ढीग पहिल्या आठवड्यात वीतभर खाली आला होता.

ढीग उघडलात तर यांची खूण डोळ्यांनी दिसते. बाहेरच्या सालीपासून वीतभर आत, पानांवर राखेसारखी करडी-पांढरी भुकटी पसरलेली असते. बोटाने पुसली तर उडते. नवखा माणूस तिला रोग समजतो किंवा आत आग लागली होती असं समजतो. ती या धागेदार जिवाणूंची आणि उष्णताप्रिय बुरशींची वस्ती असते. ती नेमकी त्याच थरात का, हे पाहण्यासारखं आहे. गाभ्यात त्यांच्यासाठी फार उकाडा असतो आणि कडेला फार गारवा. मधल्या पट्ट्यात उष्णताही बेताची आणि हवाही भरपूर. म्हणजे ढिगाच्या एकाच कापात, कडेपासून गाभ्यापर्यंत, सगळ्या टप्प्यांचे रहिवासी एका वेळी दिसतात. ही भुकटी नाकातोंडात जाऊ देऊ नका. तिच्यात ॲस्परजिलस फ्युमिगेटस नावाच्या बुरशीचे बीजाणू असू शकतात, आणि दमा असणाऱ्याला किंवा प्रतिकारशक्ती कमी असणाऱ्याला ते त्रास देतात. ढीग उकरताना तोंडावर मास्क बांधा आणि वारा पाठीकडून येईल असे उभे राहा.

मग ढीग साठच्या पुढे जातो. अनेकांना वाटतं, जितका तापेल तितका चांगला. मला हे अजिबात पटत नाही. साठच्या वर बुरशी जवळजवळ संपतात. पासष्टच्या वर ॲक्टिनोबॅक्टेरियाही मागे पडतात आणि उरतात ते बीजाणू करणारे मोजके बॅसिलस आणि थर्मस गटातले जिवाणू. थर्मसचे भाऊबंद अमेरिकेतल्या येलोस्टोनच्या गरम झऱ्यांत सापडले आणि १९६९ साली त्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं. तेच कुटुंब आपल्या परसातल्या ढिगातही नांदतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. पण ही मंडळी थोडी असतात आणि थोड्याच गोष्टी खातात. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सेलमन वॅक्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ साली तबेल्यातलं खत वेगवेगळ्या तापमानांत ठेवून पाहिलं होतं. त्यांना कुजण्याचा सगळ्यात चांगला वेग ५० अंशांच्या आसपास दिसला. ७५ अंशांवर काम मंदावलं होतं.

त्यामुळे सत्तरच्या जवळ ढीग स्वतःलाच आवर घालतो. काम करणारे मरतात, उष्णता कमी तयार होते आणि पारा उतरतो. याच काळात पाण्याची सर्वांत जास्त नासाडी होते, कारण ढिगातून बाहेर जाणारी बहुतेक उष्णता वाफेच्या रूपात जाते. थंड सकाळी ढिगावर धूर दिसतो तो हाच. सातव्या दिवशी माझ्या थर्मामीटरचं टोक कोरडं निघालं, त्यामागे हे सगळं होतं.

पहिली उतरण आणि परतणी

आता त्या सातव्या दिवसाकडे येतो. पारा ६७ वरून ६१ वर उतरलेला. तीन शक्यता होत्या: खाणं संपलं, हवा संपली, की पाणी संपलं. पहिली शक्यता आठवड्याभरात जवळजवळ नसतेच. हवा संपली असती तर सडक्या अंड्यासारखा किंवा गटारासारखा वास आला असता, आणि गाभा काळा, चिकट दिसला असता. मला तसा वास आला नाही. ढीग उघडल्यावर गाभ्यातला पाला फिकट, कुरकुरीत, मुठीत दाबला तर चुरा होणारा निघाला. उत्तर मिळालं.

ढीग परतला, म्हणजे उलटून पुन्हा रचला. परतताना पंधरा लिटरच्या तीन बादल्या पाणी थराथरावर शिंपडलं, एकदम ओतलं नाही. कोरडा पाला एकदम ओतलेलं पाणी धरत नाही, ते तळाशी निघून जातं. परतल्याबरोबर सगळं मिसळून तापमान ४१ झालं. बारा तासांनी ५७. नवव्या दिवशी ६३.

परतल्यावर पुन्हा असा जोरदार चढ आला, म्हणजे खाणं शिल्लक होतं आणि काम करणारे अडकलेले होते. हीच कसोटी मी प्रत्येक उतरणीला लावतो. आणि कसोटीचं उत्तर आकड्यापेक्षा आकड्यांच्या रांगेत जास्त स्पष्ट दिसतं. बाराव्या दिवशी पारा ५४ वर उतरला, परतलं, तो ६१ पर्यंत चढला. सतराव्या दिवशी परतलं, ५२ पर्यंत. तेविसाव्या दिवशी परतलं, ४४ पर्यंत. तिसाव्या दिवशी परतलं, पाणी पुरेसं होतं, हवा होती, वास नव्हता, आणि तरी पारा ३६ च्या वर गेला नाही. प्रत्येक चढ आधीच्यापेक्षा बुटका होत गेला, म्हणजे सोपं खाणं खरोखर संपत आलं होतं. तिसाव्या दिवसाची उतरण ही खरी उतरण.

मोजताना एक काळजी घ्या. लांब दांड्याचा थर्मामीटर गाभ्यापर्यंत खुपसायचा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, आणि तीन जागी मोजून सगळ्यात जास्त आकडा लिहायचा. एकाच जागी मोजलं तर एखादी कोरडी पोकळी फसवते. थर्मामीटर नसेल तर लोखंडी सळई दहा मिनिटं खुपसून ठेवा आणि बाहेर काढून हात लावा. जेमतेम कोमट लागली तर चाळिशीच्या आत, मुठीत धरता आली पण चांगलीच गरम लागली तर पन्नाशीच्या आसपास, आणि लगेच सोडावी लागली तर साठच्या जवळ. अंदाज ढोबळ आहे, पण चढ की उतार एवढं कळायला पुरतो.

सगळा ढीग तापतच नाही

थर्मामीटर गाभ्याचा आकडा सांगतो, कडेचा नाही. ५५ अंशांवर काही दिवस राहिलं की रोगजंतू आणि बहुतेक तणांचं बी मरतं, हे सर्वांनी वाचलेलं असतं. पण माझ्या ढिगात ५५ अंशांवर नक्की किती माल होता?

हिशोब सोपा आहे. ढीग १.२ मीटरचा घन धरा, म्हणजे सुमारे १.७३ घनमीटर. चहूबाजूंनी, वरून आणि खालून पंधरा सेंटिमीटरची साल गार राहते असं धरलं तर आत ०.९ मीटरचा घन उरतो, म्हणजे ०.७३ घनमीटर. म्हणजे निम्म्याहून जास्त माल, जवळपास ५८ टक्के, सालीत आहे! मलाही पहिल्यांदा हा आकडा खोटा वाटला होता. हाच हिशोब दोन मीटरच्या ढिगाला लावला तर ६१ टक्के माल आत येतो, आणि साठ सेंटिमीटरच्या छोट्या ढिगाला लावला तर जेमतेम साडेबारा टक्के. छोटा ढीग तापत नाही याचं कारण हेच. जिवाणू त्याच तऱ्हेचे असतात, पण त्यांना पुरेशी गोधडी मिळत नाही. एक घनमीटरपेक्षा लहान ढीग रचू नये म्हणतात ते यासाठी.

आता परतणीचा विचार करा. दर वेळी माल नुसता कसाही उलटला तर प्रत्येक कणाला सालीत पडण्याची शक्यता ५८ टक्के. माझ्या ढिगात ५५ च्या वर गेलेल्या फेऱ्या तीनच होत्या: पहिली रचणी आणि पुढच्या दोन परतण्या. तिन्ही वेळा सालीतच राहिलेला माल ०.५८ गुणिले ०.५८ गुणिले ०.५८, म्हणजे जवळपास वीस टक्के. पाचवा हिस्सा माल कधीच तापला नाही! अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत, लांब राशींच्या कंपोस्टसाठी, १५ दिवस ५५ अंशांच्या वर आणि त्या काळात किमान पाच वेळा परतणं असं जे सांगितलं आहे, त्यामागचा विचार हाच आहे. प्रत्येक कणाची पाळी गाभ्यात यायला हवी.

यावरून दोन गोष्टी मी ठरवून टाकल्या आहेत. पहिली, परतताना साल दाताळ्याने आधी बाजूला ओढून ठेवायची आणि नव्या ढिगाचा गाभा तिचाच करायचा. जुना गाभा बाहेर. नुसतं उलटसुलट करण्यापेक्षा कष्ट दीडपट, पण परिणामात फार फरक पडतो. दुसरी, बी धरलेलं तण आणि रोगट झाडं परसातल्या ढिगात टाकायचीच नाहीत. ढीग सत्तरला गेला म्हणून त्यातलं सगळं बी मेलं, असं कुणी सांगितलं तर त्याला त्याच्या सालीबद्दल विचारा.

निवलेला ढीग रिकामा नसतो

तिसाव्या दिवशी ढीग ३६ वर आला तेव्हा तो गडद तपकिरी होता, पानं ओळखू येत नव्हती, काटक्या मात्र होत्या तशाच. बहुतेक जण याच टप्प्यावर खत चाळून वापरतात. मीही वापरायचो, आणि रोपं पिवळी पडायची ती यामुळेच.

या वेळी ढिगात दोन गोष्टी अर्धवट असतात. एक म्हणजे नायट्रोजन. गरम काळात प्रथिनांतून सुटलेला बराचसा नायट्रोजन अजून अमोनियाच्या रूपात असतो आणि तो कोवळ्या मुळांना झोंबतो. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू आहेत, पण ते उष्णतेला फार नाजूक असतात. चाळिशीच्या वर त्यांचं काम बंदच असतं. ढीग निवल्यावर ते परत येतात आणि सावकाश वाढतात. त्यांना घाई करून चालत नाही. दुसरी गोष्ट लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारा पदार्थ. त्याला खरा सुरुंग लावतात बुरशी, आणि त्यातल्या बहुतेक गरम काळात ढिगात टिकलेल्याच नसतात.

मग परत कोण येतं आणि कुठून? पहिल्या फळीतले जे बाहेरच्या गार थरात तग धरून राहिले होते, ते आता आतल्या मोकळ्या जागेत शिरतात. त्यांच्यासोबत मातीतून, हवेतून नवे येतात. हे दुसरे मेसोफिलिक पहिल्यांसारखे नसतात, कारण त्यांना साखर मिळत नाही. हे सावकाश, चिकाटीने खाणारे. स्ट्रेप्टोमायसीससारखे ॲक्टिनोबॅक्टेरिया या काळात जोर धरतात आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास ढिगाला येतो, तो त्यांनी सोडलेल्या जिओस्मिनचा. थोड्या दिवसांनी गांडुळं खालून वर येऊ लागतात. ती तापमानाची खात्रीची साक्षीदार आहेत. ढीग मनासारखा निवला नसेल तर ती आत शिरत नाहीत.

बाहेरच्या थराचं महत्त्व मला कळलं ते ओहायो स्टेट विद्यापीठातल्या हॅरी हॉइटिंक यांच्या कामामुळे. झाडांच्या सालींच्या कंपोस्टवर त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. गरम गाभ्यातून थेट काढलेलं खत मुळं कुजवणाऱ्या रोगांना रोखत नाही, पण निवलेल्या भागात ट्रायकोडर्मासारख्या बुरशी आणि उपयोगी जिवाणू परत वस्तीला आले की ते रोखू लागतं, असं त्यातून दिसलं. गाभ्यातली उष्णता रोगकारकांबरोबर त्यांचे शत्रूही साफ करते. म्हणून निवलेला ढीग लगेच प्लास्टिकच्या गोणीत कोंबून तोंड बांधून ठेवणं मला चुकीचं वाटतं. त्या गोणीत परत येणाऱ्यांना वाट नसते. ढीग मातीला टेकलेला, ओलसर, हवेशीर राहू द्या. पाऊस जोराचा असेल तर वरून झाकण घाला, कारण तयार झालेलं नायट्रेट पाण्याबरोबर सहज वाहून जातं.

किती दिवस? महिना तरी धरा, काटक्या जास्त असतील तर दोन-तीन महिने. तारखेवर विसंबण्यापेक्षा मी थर्मासची चाचणी करतो. ती जर्मनीत वापरल्या जाणाऱ्या एका चाचणीचं घरगुती रूप आहे. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये मुठीच्या चाचणीला उतरेल इतकं ओलं खत सैल भरायचं, आत छोटा थर्मामीटर ठेवायचा, झाकण सैल लावायचं आणि खोलीत पाच ते दहा दिवस ठेवून रोज आकडा पाहायचा. खोलीच्या तापमानापेक्षा दहा अंशांहून कमी चढलं तर खत पक्व झालं. वीस-तीस अंश चढलं तर खाणं अजून उरलं आहे, ढिगाला वेळ द्या. खत आधी वाळलेलं असेल तर ही चाचणी फसवते, कारण कोरड्या खतात कुणीच काम करत नाही आणि पारा हलत नाही.

माझ्या त्या ढिगातलं खत तिसाव्या दिवशी भरलं तेव्हा थर्मासमध्ये खोलीपेक्षा २२ अंश चढलं होतं. पंचाहत्तराव्या दिवशी ६ अंश. त्या मधल्या पंचेचाळीस दिवसांत मी ढिगाला एकदा पाणी दिलं आणि एकदाही परतलं नाही. चाळणीवर राहिलेल्या काटक्या पुढच्या ढिगात घातल्या. त्यांच्यावर आधीच पांढऱ्या बुरशीचे धागे चढलेले होते.